खंडेनवमीला धुतलेली टाकी

खंडेनवमी, गुरुवार, सकाळी दहा. हजर: मी (प्रयोगशाळा आणि नोंदी), मेकॅनिक काका, ऑपरेटर ताई, कारखान्याचे साहेब, नारळ एक, झेंडूचे हार दोन. हळदीकुंकू गैरहजर. ते काकांच्या गाडीच्या डिकीत सापडलं आणि दहा वाजून पाच मिनिटांनी पूजा झाली.

पूजा होती आमच्या सिमेंट कारखान्याच्या चिमणीपाशी उभ्या केलेल्या छोट्या संयंत्राची. दोन उंच नळकांडी, एका बॉयलरची वाफ, चार पंप. वणी भागात धुराची कुणाला नवलाई नाही, पण धुरातला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढणारं यंत्र पहिलंच. पूजा होताच बहात्तर तासांची चाचणी सुरू व्हायची होती. अट एकच: पंप एकदाही बंद पडता कामा नये. चाचणी पार पडली तर संयंत्र आणखी वर्षभर इथेच राहणार, नाहीतर सुटं करून दुसऱ्या राज्यात. त्याच्यासोबत ताईची नोकरीही जाणार होती. ती वयाने माझ्या निम्मी, जवळच्या तांड्यावरून रोज स्कूटीने यायची, आणि बदलीवर जायला घरून परवानगी नव्हती.

काम कसं चालतं, ते मी पाहुण्यांना सांगते तसंच सांगते. धूर आधी गार करायचा, त्यातली धूळ आणि गंधकाचे वायू काढायचे. मग तो पहिल्या नळकांड्यात खालून सोडायचा. वरून अमाइन नावाचं रसायन मिसळलेलं पाणी झिरपत येतं. आमच्याकडे त्याला सगळे ‘औषध’ म्हणतात. औषध धुरातला कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतं, उरलेला धूर वरून निघून जातो. भरलेलं औषध दुसऱ्या नळकांड्यात जातं, तिथे वाफेने एकशे वीस अंशांच्या आसपास तापवलं की धरलेला वायू सोडतं आणि रिकामं होऊन, गार होऊन पुन्हा पहिल्याकडे येतं. बस. धरायला गारवा, सोडवायला उष्णता. खरा खर्च त्या उष्णतेचा आहे, आणि ती वाफ करायलाही काहीतरी जाळावंच लागतं. हे मी पाहुण्यांना नेहमी सांगते. साहेबांना ते फारसं आवडत नाही.

शुक्रवार, दसरा. हजर: आम्ही तिघं. बारा वाजता ताईने औषध थोडं कमी झालं म्हणून भरपाईच्या टाकीतून नवीन सोडलं. बारा चाळीसला ती ओरडली, “मॅडम, दाब नाचून राह्यला!”

पहिल्या नळकांड्याच्या वरचा आणि खालचा दाब, यांतला फरक काटा दाखवतो. काटा वरखाली उड्या मारत होता. तळाची पातळी हळूहळू उतरत होती. काचेच्या खिडकीतून पाहिलं तर आत पांढराशुभ्र फेस, घुसळलेल्या ताकासारखा. औषध खाली न येता फेसाबरोबर वर चाललं होतं. तळाची पातळी लाल खुणेखाली गेली की पंप आपोआप बंद. म्हणजे चाचणी संपली.

मी नमुन्याची बाटली भरली आणि हलवली. चांगल्या औषधाचा फेस काही सेकंदांत बसतो. हा बसायचं नावच घेईना. मग भरपाईच्या टाकीतलं घेऊन हलवलं, तर बाटलीच्या तोंडापर्यंत फेस.

“काका, ही टाकी कोणी धुतली?”

“म्याच.” काकांचा चेहरा उजळला. “खंडेनवमीले घाण टाकी पूजेत ठेवाव का? बुधवारी पावडरनं घासून काढली, दोन पान्यानं धुतली. आरशासारखी केलती.”

“कपड्यांची पावडर?”

“मंग काय तोंडाची?” एवढं बोलून त्यांना माझ्या हातातली बाटली दिसली. “अरे देवा. म्याच केलं का हे?”

ताई हसायला लागली. “काका, तुमी तं औषधाले आंघोळ घातली!”

“हसून कायले राह्यली वं? तुही नोकरी जाऊन राह्यली अन् तू हसतं!”

हसता हसताच तिने टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला होता, हे लिहून ठेवायला हवं. मी धुराचा प्रवाह निम्म्यावर आणला. तसं करायला चाचणीत मुभा होती. मग फेस मारणाऱ्या द्रावणाची बाटली काढली. काकांनी ती हातात घेतली. “सगळी ओतू?”

“थेंब थेंब. जास्त पडली तर फेस आणखी वाढेल.”

देवाला अत्तर लावावं तसे काका थेंब सोडत होते. पातळी लाल खुणेच्या दोन बोटं वर थांबली. तिथेच बराच वेळ उभी राहिली. मग एक बोट वर सरकली. काटा शांत झाला. काकांनी टोपी काढून नळकांड्याला नमस्कार केला. चार वाजता आम्ही औषधाचा थोडा भाग कोळशाच्या गाळणीतून फिरवायला घेतला, साबण शोषला जावा म्हणून.

साहेबांचा फोन आला. “नोंदीत ‘किरकोळ फेस’ लिहा की.”

काकाच मोठ्याने म्हणाले, “साबन लिवा मॅडम. म्या धुतली, म्या सांगतो. नाईतं दुसरीकडचा कोनी दसऱ्याले पुन्हा धुईन.”

साबण लिहिला.

त्याच संध्याकाळी ताईची याडी, म्हणजे आई, आपट्याची पानं घेऊन गेटवर आली. सोनं दिलं-घेतलं. लेक काय करते ते तिला बघायचं होतं. ताईने सगळं फिरवून दाखवलं, शेवटी छपराकडे गेलेली बारीक नळी दाखवली.

“याच्यातून काय जाते?”

“पकडलेला वायू. मोजतो, मग सोडतो.”

“पकडता अन् सोडता?” तिने माझ्याकडे पाहिलं. “मंग पकडता कायले, बाई?”

वर्षभरात इतका नेमका प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी खरं तेच सांगितलं. आम्ही चिमणीतल्या धुराचा अगदी थोडा हिस्सा घेतो, पकडायचं कसं ते शिकतो. हा वायू नुसत्या कोळशाचा नाही, चुनखडी भाजली की तिच्यातूनही निघतो, म्हणून कोळसा बदलूनही सिमेंटचा प्रश्न सुटत नाही. पुढे तो दाबून खूप खोल जमिनीत ठेवायचा. ज्याच्यावर वायू झिरपू न देणारा थर आहे अशा सच्छिद्र खडकात, किंवा पाण्यात विरघळवून काळ्या दगडात, तिथे त्याचा हळूहळू दगडच होतो. पण इथला दगड त्याला चालेल का, अजून कोणी तपासलेलं नाही. आणि विरघळवायला पाणी भरपूर लागतं.

“पानी?” ती म्हणाली. “आमच्या तांड्यात?”

ताई म्हणाली, “याडी, आत्ता नाही वं. आधी तपासून पाह्यतील.”

“तपासा. पन आधी आमच्या विहिरीचं पानी तपासून ठिवा. मागून कोनी म्हनू नये का पयलेच खराब होतं.”

असा सल्ला द्यायला तज्ज्ञ मंडळी शहरातून गाडी करून येतात. ही सोयाबीनच्या शेतातून चालत आली होती.

रविवार, सकाळी सव्वादहा. हजर: सगळे, आणि पेढे. बहात्तर तास पूर्ण. पंप एकदाही थांबला नाही. संयंत्र राहणार, ताई राहणार. काका पेढा तोंडात कोंबून म्हणाले, “माह्यामुळं थोडी मजा आली ना!” ताईने त्यांच्या पाठीत धपाटा घातला. साहेबांनीही साबणाची नोंद अहवालात तशीच ठेवली.

वायूच्या साठवणुकीच्या रकान्यात मी ‘नाही’ लिहिलं. दगड तपासणारी मंडळी यायची तेव्हा येतील. त्याआधी विहिरीच्या पाण्याचा नमुना घ्यायचा. याडीने सांगितलंय, सोयाबीन घरात येऊ दे, मग या. सोयाबीन अजून शेतात आहे. बाटल्या कोऱ्या आहेत, आणि नमुना घ्यायचा राहिला आहे.