इंदूरहून निघालेलं सामान

आई गेल्यावर वर्षभर बाबा इंदूरला एकटेच राहिले. मग एकदा फोनवर त्यांनी स्वतःहून सांगितलं, "येतो मी तुमच्याकडे ग्वाल्हेरला. पण सामानासकट येईन. पाहुण्यासारखा नाही."

आम्ही दौलतगंजात भाड्याने राहतो, दुसऱ्या मजल्यावर. मी इंदरगंजच्या एका विमा कार्यालयात नोकरी करते आणि नवऱ्याचं बाडा या भर बाजारातल्या चौकाजवळ औषधांचं दुकान आहे. बाबांसाठी मागची खोली रिकामी केली, भिंतीला चुना मारून घेतला. सामान कसं आणायचं ते आम्ही बघतो म्हटलं, तर बाबांनी ऐकलं नाही. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवलेला माणूस, स्वतःची कामं स्वतः करण्याची सवय. मोबाइलवर कुठल्याशा वेबसाइटवर त्यांनी आपला नंबर टाकला आणि संध्याकाळपर्यंत पाच-सहा कंपन्यांचे फोन येऊन गेले. एकाने इतरांच्या निम्म्याहून कमी भाव सांगितला. कंपनीचं नावही ओळखीचं वाटलं. एका मोठ्या कंपनीच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे केलेलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं.

"फार गोड बोलत होता गं तो," बाबा म्हणाले. "म्हणाला, ग्वाल्हेरकडे आमची गाडी तशीही रिकामी जाते, म्हणून स्वस्त."

बाबांनी थोडा अ‍ॅडव्हान्स मोबाइलवरून पाठवला. ठरलेल्या सकाळी माणसं आली, भराभर पुठ्ठे गुंडाळले, खोकी बांधली. गाडी भरून झाल्यावर एका कागदावर बाबांची सही घेतली आणि ठरलेल्या रकमेतला बहुतेक भाग तिथेच मागून घेतला. उरलेले पैसे सामान पोचल्यावर द्यायचे. बाबा एक पिशवी घेऊन रेल्वेने इकडे आले.

दुसऱ्या दिवशी सामान यायला हवं होतं. त्याऐवजी फोन आला. बाबांनी तो स्पीकरवर ठेवला.

"बाबूजी, आपका सामान तो बहुत ज़्यादा निकला. पूरी गाड़ी लग गई. जीएसटी अलग, बीमा अलग. बाकी पैसा डालिए, तब गाड़ी खाली होगी."

त्याने जो आकडा सांगितला तो मूळ भाड्याच्या दुप्पट होता.

"आपने तो सब मिलाकर बताया था," बाबा म्हणाले.

"आपने साइन किया है, बाबूजी. कागज़ पढ़ लीजिए. और जितने दिन माल रुकेगा, गोदाम का किराया चढ़ेगा."

कागद वाचला. अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरात खरंच लिहिलेलं होतं की प्रत्यक्ष वजनाप्रमाणे रक्कम वाढू शकते. मी घाबरले. त्या खोक्यांत आईच्या साड्या होत्या, तिचं शिलाई मशीन होतं, बाबांची चाळीस वर्षांची चित्रं होती. मी नवऱ्याला म्हटलं, "देऊन टाकू या. वस्तू तरी हातात येतील."

नवरा काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "नाही द्यायचे."

"बाबा, आईचं सामान आहे त्यात."

"म्हणूनच तर ते मागतायत," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "आज दिले तर उद्या आणखी काही काढतील. माझं जुनं कपाट बाजारात कोण घेतंय? ते फक्त आपल्याला महाग आहे."

नवऱ्याने कागदावरचा जीएसटी नंबर सरकारी वेबसाइटवर टाकून पाहिला. तो दुसऱ्याच कुठल्या तरी कापडवाल्याचा होता आणि तोही रद्द झालेला. सायबरच्या हेल्पलाइनवर आम्ही तक्रार नोंदवली आणि दुसऱ्या दिवशी मी रजा घेऊन बाबांना पोलीस ठाण्यात घेऊन गेले.

तिथल्या हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "यह तो आपके और कंपनी के लेन-देन का मामला है. कंज़्यूमर कोर्ट जाइए."

बाबांनी शांतपणे विचारलं, "नंबर किसी और का, नाम किसी और का, और माल रोककर पैसा माँगना. यह लेन-देन है क्या, साहब?"

हवालदारांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. मग म्हणाले, "ठीक है. अर्ज़ी लिखिए. सामान क्या-क्या है, पहचान के साथ लिखिए."

घरी येऊन मी लिहायला बसले: एक लाकडी कपाट, एक पलंग, एक शिलाई मशीन. वाचून मलाच वाटलं, अशी कपाटं तर घरोघर असतात. बाबांनी माझ्या हातून कागद घेतला, पेन्सिल मागितली आणि काढायला लागले. कपाटाच्या डाव्या दारावरची चीर. पलंगाच्या डोक्याशी कोरलेली वेल, जिचं एक पान तुटलेलं. मशीनचं चाक, त्याची लाकडी मूठ आईच्या हाताने घासून एका बाजूला चपटी झालेली. आई गेल्यावर त्यांनी एकही चित्र काढलं नव्हतं. मी चहा घेऊन दोनदा येऊन गेले, त्यांचं लक्ष नव्हतं.

हवालदारांनी ती चित्रं उलटून पालटून पाहिली आणि अर्जाला जोडली. "पहली बार देख रहा हूँ ऐसी लिस्ट," एवढंच म्हणाले. मग आमच्यासमोर त्या कंपनीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडचा माणूस "सर, सर" करत राहिला, आज गाडी सोडतो म्हणाला आणि त्यानंतर तो नंबर बंद झाला.

आता काय, हा प्रश्न घेऊन आम्ही घरी बसलो. बाबा मागच्या खोलीत शेजाऱ्यांकडून आणलेल्या गादीवर झोपत. मी रात्री जेवताना त्यांच्यावर एकदा चिडलेही. "पैसे दिले असते तर आतापर्यंत सामान आलं असतं," म्हटलं. त्यांनी पोळीचा घास भाजीला लावला आणि म्हणाले, "असेलही."

मग एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. ट्रक ड्रायव्हर होता. "बाबूजी, आपका माल मेरी गाड़ी में है. ऊपर के डिब्बे पर आपका नंबर लिखा था. ट्रांसपोर्ट नगर में खड़ा हूँ. कंपनी वाला फ़ोन नहीं उठा रहा. माल उतरवाना है कि नहीं?"

आम्ही हवालदारांना कळवलं. त्यांनी एक शिपाई सोबत दिला. ट्रान्सपोर्ट नगरात, टायरच्या दुकानांच्या रांगेपलीकडे तो ट्रक उभा होता. ड्रायव्हर सावलीत बसून कांदा चिरत होता. शिपायाला पाहून उठला, हात पुसले आणि आम्ही काही विचारायच्या आतच बोलायला लागला. कंपनीकडे स्वतःची गाडीच नव्हती. इंदूरच्या बाहेर एका गोदामातून त्यांनी दोन-तीन घरांचा माल त्याच्या ट्रकमध्ये चढवला होता. अर्धं भाडं आधी दिलं, बाकीचं ग्वाल्हेरला देऊ म्हणाले आणि "आम्ही सांगितल्याशिवाय गाडी खाली करू नकोस," असं बजावलं.

"मुझे क्या पता था साहब, कि झगड़ा है," तो म्हणाला. "मेरा भाड़ा मिल जाए, मैं आगरा निकल जाऊँ."

शिपाई म्हणाला, "भाड़ा कंपनी से लेना. इनका माल उतारो."

ड्रायव्हर ट्रकच्या फाळक्यावर हात ठेवून उभा राहिला. बाबांनी त्याला विचारलं, आमच्या मालापुरतं तुझं किती राहिलं? त्याने सांगितलं. कंपनीने मागितलेल्या रकमेपुढे ते फारच थोडं होतं.

"बाबा, आपण एकदा दिलेले आहेत," मी मराठीत म्हटलं. "पुन्हा कशाला?"

"त्यांना दिलेत. याला कुठे दिलेत? हा गाडी चालवून आलाय."

"मग आधी कशाला अडून बसलात?"

"आधी लुटारू मागत होते. हा मजुरी मागतोय."

माझ्याकडे उत्तर होतं, पण शिपायासमोर वाद घालावासा वाटला नाही. नवऱ्याने पैसे दिले, ड्रायव्हरकडून एका कागदावर पावती लिहून घेतली, खाली शिपायाची सही घेतली.

फाळका उघडला तेव्हा आत नुसता गोंधळ होता. तीन घरांची खोकी एकात एक मिसळलेली, सगळ्यांवर तोच खाकी पुठ्ठा. बाबांच्या चित्रांच्या झेरॉक्स माझ्या पर्समध्ये होत्या. त्या हातात धरून तिथले हमाल एकेक नग पुठ्ठा फाडून तपासायला लागले. "यह देखो, पत्ता टूटा है," त्यातला एक ओरडला आणि पलंग बाहेर आला.

आमचं सामान बाजूला होत असताना बाबा एका खोक्यापाशी थांबले. त्यावर स्केचपेनने मोबाइल नंबर लिहिलेला होता आणि खाली "मुरार". तिसऱ्या घराच्या खोक्यांवर मात्र काहीच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी मला तो नंबर लावायला सांगितलं. फोन एका बाईंनी उचलला. ग्वाल्हेरच्याच मुरार भागात एका दवाखान्यात नर्स होत्या, नुकत्याच बदलून आलेल्या. मी ट्रकबद्दल सांगितलं, तर त्यांनी तो कुठे उभा आहे ते दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "दीदी, मैंने तो उनको दो बार एक्स्ट्रा पैसे दे दिए. फिर भी कहते हैं गाड़ी रास्ते में है."

तासाभरात त्या ऑटोने आल्या. गणवेशावर स्वेटर घातलेला होता. स्वतःची खोकी पाहून हसल्या आणि लगेच रडायला लागल्या. बाबांनी ड्रायव्हरच्या स्टोव्हवर चहा ठेवायला सांगितला, जणू त्यांचंच घर होतं. बाई डोळे पुसून म्हणाल्या की पहिल्यांदा पैसे दिले तेव्हा मजुरीचं कारण सांगितलं, दुसऱ्यांदा टोलचं. मी बाबांकडे पाहिलं. ते चहात बिस्किट बुडवत होते. "मी सांगितलं होतं" असं त्यांनी तेव्हाही म्हटलं नाही, नंतरही कधी नाही.

संध्याकाळी लोडिंग टेंपोतून सामान दौलतगंजात आलं. गल्ली अरुंद, पलंग जिन्यात अडकला, समोरच्या मिठाईवाल्याने आपली दोन माणसं पाठवली. कपाटाची काच फुटली होती, मिक्सर सापडलाच नाही, चित्रांच्या एका गठ्ठ्याला पाणी लागलं होतं. मशीन धडधाकट होतं.

नर्सबाईंनी आमच्यासोबत ठाण्यात येऊन आपली तक्रार दिली. एकाच कंपनीच्या दोन तक्रारी झाल्यावर गुन्हा दाखल झाला. त्यांचे शेवटचे पैसे ज्या खात्यात गेले होते ते सायबरवाल्यांनी गोठवलं होतं. कोर्टाच्या आदेशानंतर त्यातले काही त्यांना परत मिळाले. आमचे पैसे त्याआधीच कुठल्या कुठे गेले होते, त्याचा पत्ता लागला नाही. कंपनी नाव बदलून दुसऱ्या शहरात धंदा करते, असं हवालदार एकदा बाजारात भेटले तेव्हा म्हणाले.

बाबा आता सकाळी बाड्यापर्यंत फिरून येतात आणि मागच्या खोलीच्या खिडकीशी बसतात. पाणी लागलेली चित्रं त्यांनी फेकली नाहीत. ओघळलेल्या रंगांवर ते नवं काहीतरी काढतात. परवा गल्लीतल्या विजेच्या तारा काढत होते. मी म्हटलं, "आभाळ कुठंय यात?"

"तारांमुळे दिसत नाही इथून," ते म्हणाले, आणि पुढची तार ओढायला लागले.