आज निरीक्षण आहे, उद्या शिकवते

माझ्या हाताखाली त्या वर्षी एक शिक्षणसेविका होती. पालेगावची मुलगी, भौतिकशास्त्रात पदवी, घरातली पहिली शिक्षिका. तीन वर्षं संपत आली होती आणि कायम होण्यासाठी एक निरीक्षण पाठ तेवढा बाकी होता. तो पास झाला की नोकरी पक्की, नाही तर नमस्कार. मी विज्ञानाची विषयप्रमुख, म्हणून तिचं पाठाचं टाचण आधी माझ्याकडे आलं.

धडा दहावीचा, भिंगांचा. साधनांच्या रकान्यात तिने दोनच शब्द लिहिले होते: खडू, फळा. मी ते परत केलं. म्हटलं, "अगं, निरीक्षणाच्या फॉर्मवर डिजिटल साधनांना वीस गुण आहेत. स्मार्ट बोर्ड लिही, चित्रफीत लिही."

"पण मॅडम, शुक्रवार आहे," ती म्हणाली. "ते चालू झाला नाय तर काय करायचा?" एरवी शाळेत ती अगदी पुस्तकी बोलायची, घाबरली की घरची भाषा बाहेर यायची.

अंबरनाथमध्ये शुक्रवारचा अर्थ पोरासोरांनाही ठाऊक. कारखान्यांना सुट्टी, म्हणून वीजवाल्यांना दुरुस्तीला मोकळं रान. आमची शाळा मोरिवलीच्या अंगाला, कारखान्यांच्याच लाइनीवर. सकाळी दहाला वीज गेली की दोन-तीनशिवाय तोंड दाखवत नाही. हे मला वीसेक वर्षं माहीत आहे. तरी मी तिला म्हटलं, "मुख्याध्यापक बघतील काय ते. तू लिही." बघणार काय? इन्व्हर्टरची बॅटरी दिवाळीपासून उल्हासनगरला, कॅम्प चारच्या दुकानात दुरुस्तीला पडली होती. पण मीच सांगितलं म्हटल्यावर मुलगी काय करणार? तिने लिहिलं.

तारीख संस्थेच्या शैक्षणिक सल्लागारांनी ठरवली होती. ते लांबून गाडीने येत. त्यांना शुक्रवार म्हणजे शनिवारच्या आधीचा दिवस, एवढंच. मुख्याध्यापकांना मी सुचवून पाहिलं, तर ते म्हणाले, "मॅडम, साहेबांची तारीख बदलायला कोण सांगणार?" म्हणजे कोणीच नाही.

त्या शुक्रवारी दहा वाजून पाच मिनिटांनी पंखे थांबले. स्मार्ट बोर्ड काळा पडला. वर्गात साठ मुलं, मागच्या बाकावर सल्लागार आणि मी. त्या पोरीने खिडक्या सताड उघडल्या, आणि फळ्याच्या ज्या भागावर उजेडाची चमक येत होती तो भाग सोडून देऊन उरलेला ओल्या फडक्याने पुसून घेतला. मग डब्यातला लाल खडू बाजूला ठेवला. अंधुक उजेडात लाल रेघ मागच्या बाकाला दिसत नाही, हे कुठल्याच प्रशिक्षणात सांगत नाहीत. पांढरा आणि पिवळा, दोनच घेतले.

तिने एक आडवी रेघ मारली. पट्टी न घेता, पण सरळ. रेघ मारताना नजर खडूवर नव्हती, रेघ संपायची त्या टोकावर होती. मधोमध बहिर्वक्र भिंग काढलं आणि एक नवा कोरा खडू हातात धरून म्हणाली, "आज हीच आपली मोजपट्टी." भिंगाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन खडू मोजून नाभी. डावीकडे सहा खडूंवर एक उभा बाण, दोन खडू उंच. मग त्याच्या टोकापासून पिवळे किरण: एक अक्षाला समांतर जाऊन भिंगापाशी वळणारा आणि पलीकडच्या नाभीतून जाणारा, दुसरा भिंगाच्या मध्यातून न वळता सरळ जाणारा. दोन्ही जिथे भेटले तिथे तिने उलटा बाण काढला आणि एका मुलीला खडू देऊन म्हणाली, "मोज."

मुलीने मोजलं. भिंगापासून जवळजवळ तीन खडू, उंची एक खडू. "बाई, तीनला थोडा कम आहे," ती म्हणाली.

"माझा हात आहे, यंत्र नाही. सूत्राने काढ, किती येतं?" वर्गाने वह्यांत मांडलं. तीन आलं. उत्तर फळ्यावर आधी होतं, गणितात मागून आलं, आणि मागच्या बाकांवरची मुलं उभी राहून बघत होती.

मग बाण तीन खडूंवर आणला. प्रतिमा सहा खडूंवर गेली, चार खडू उंच, उलटीच. मग एका खडूवर, म्हणजे नाभीच्या आत. या वेळी किरण पलीकडे भेटेचनात, लांब लांब जात राहिले. "बाई, ये मिलतेच नहीं," कोणीतरी म्हणालं. "मग मागे ओढून बघा," म्हणून तिने त्याच मुलीकडून तुटक रेघा मागे काढून घेतल्या. त्या डाव्या बाजूलाच भेटल्या, दोन खडूंवर, आणि बाण सुलटा आला, दुप्पट मोठा. "आजोबांच्या पेपर वाचायच्या भिंगात हेच होतं," ती वर्गाला म्हणाली. मुलांनी न सांगता वह्यांत तुटक रेघा ओढायला घेतल्या. शिकवण्याच्या धंद्यात असा वर्ग फार कमी वेळा मिळतो. मला तर तिचा हेवाच वाटला.

सल्लागारांनी फॉर्म भरला. डिजिटल साधनांचा वापर: शून्य. टाचणानुसार कार्यवाही: शून्य. शेरा: असमाधानकारक.

मुख्याध्यापकांच्या खोलीत ते अगदी गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, मुलगी हुशार आहे. पण टाचणात चित्रफीत आहे आणि झालं भलतंच. मी तरी काय करू?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. वीज शासनाची, बॅटरी शाळेची, तारीख यांची, टाचणातली थाप माझी, आणि शून्य त्या पोरीला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. मी म्हटलं, "तिचं खरं टाचण खडू-फळ्याचंच होतं. ते मी बदलायला लावलं. तसं लिहून देते. मी यावर सही करणार नाही."

"तुमची सही नसेल तर अहवाल अपुरा. मग तिचं प्रकरणच पुढे जाणार नाही," ते म्हणाले. शेवटी मध्यममार्ग निघाला: पाठ झालाच नाही असं धरायचं आणि मंगळवारी पुन्हा घ्यायचा. झालाच नाही! साठ मुलांच्या वह्यांत तो पाठ होता. मला तो कागद फाडावासा वाटला. पण तिची तीन वर्षं त्या कागदावर होती, म्हणून मी मान डोलावली. त्याची लाज अजून वाटते.

मंगळवारी वीज होती. बोर्ड उजळला, चित्रफीत सुरू झाली. रंगीत किरण आपोआप आले, आपोआप वळले, आपोआप भेटले. त्यात नाभी दोन सेंटिमीटरवर होती की दोन मीटरवर, कोणाला कळलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. ती बाजूला, हातात रिमोट धरून उभी. खडूचा डबा बंदच होता. सल्लागार मान हलवत फॉर्मवर खुणा करत होते. वीसपैकी वीस.

चित्रफीत अर्ध्यावर आली तेव्हा शुक्रवारी मोजायला आलेल्या त्या मुलीने हात वर केला.

"बाई, आज शिकवणार नाही का?"

सल्लागार हसले. त्यांना तो विनोद वाटला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे, आणि हळू आवाजात म्हणाली, "आज निरीक्षण आहे. उद्या शिकवते."

ती कायम झाली. अहवालावर 'उत्कृष्ट' लिहिलेलं आहे आणि त्याखाली माझी सही आहे.