बेंबीएवढ्या पाण्यात

आमच्या वडिलांना, नानांना, नांदेडात रेणुकादास मास्तर असं फार थोडे लोक म्हणत. बाकी सगळ्यांच्या तोंडी ‘गुडघाभर पाण्याचे मास्तर’. सरकारी मदरशात, म्हणजे निजामाच्या शाळेत, ते ड्रिल शिकवायचे, आणि उन्हाळ्यात गोदावरी आटून वाळू उघडी पडली की घाटाच्या वरच्या अंगाला मुलांना पोहायला शिकवायचे. गावाची रीत निराळी होती. पोराच्या कमरेला दोन सुके भोपळे बांधायचे आणि विहिरीत ढकलून द्यायचं. चार दिवस पाणी पीत, बोंबा मारत पोरगं आपोआप हातपाय हलवायला लागतं, असा हिशेब. तसे शिकलेले बाप्ये घाटावर विडी ओढत बसायचे आणि नाना मुलांना गुडघाभर पाण्यात पालथं झोपवताना बघून हसायचे. त्या लोकांचा मला अजून राग आहे. सगळे मेले आता, तरी आहे.

त्यांना काय माहीत, की नानासुद्धा आधी त्यांच्यातलेच होते.

माझा थोरला भाऊ हणमंत. तो नऊ वर्षांचा होता तेव्हा कंधारच्या मळ्यातल्या विहिरीवर नानांनी त्याच्या कमरेला भोपळे बांधले आणि त्याला ढकललं. भोपळ्यांची गाठ सुटली. तो गेला. मी चार वर्षांची होते. मला फक्त ओसरीवर जमलेली पुष्कळ माणसं आठवतात. त्या दिवसापासून आई नानांशी बोलली नाही. घरात राहायची, सगळं करायची, पण जे काय सांगायचं ते माझ्यामार्फत. “सौदामिनी, त्यांना म्हणावं पान वाढलंय.” नाना हातभर अंतरावर बसलेले असायचे. मी मान वळवून सांगायची, “नाना, पान वाढलंय.” मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी असंच असतं.

पुढच्या वर्षी ड्रिलच्या ट्रेनिंगसाठी नाना सहा महिने हैदराबादला गेले. तिथं एका मद्रासी उस्तादाने त्यांना हौदात नवं पोहणं शिकवलं. तोंड पाण्यात, अंग पालथं आणि सरळ, हात आळीपाळीने पुढे, पाय मागे हलत राहायचे, श्वास बाजूला वळून घ्यायचा. नानांना त्या पोहण्यापेक्षा ते शिकवायची पद्धत जास्त मनात भरली. पायाखाली जमीन असताना, एकेक गोष्ट, आधीची पक्की झाल्याशिवाय पुढची नाही. परत आल्यावर त्यांनी मदरशातली मुलं घेतली, आणि दोन उन्हाळ्यांत चाळीसेक तरी शिकवली. पण त्यांचा जीव अडकला होता माझ्यात. नावाडी ग्यानोबा त्यांचा दोस्त. त्याने मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. नाना त्याला म्हणाले होते, “पोरगी पाण्यात तरली, तर ती माझ्याशी बोलेल रे.” ती म्हणजे माझी आई.

फसली तेराशे एक्कावन, म्हणजे इंग्रजी बेचाळीसचा उन्हाळा. मी आठ वर्षांची. नानांनी माझ्याच मार्फत विचारलं. “तुझ्या आईला विचार, तुला शिकवू का.” आई चुलीपुढे होती. तिने लाकडं मागे ओढली. मग म्हणाली, “त्यांना म्हणावं, रोज मी तिथं बसणार. पाणी तुझ्या बेंबीच्या वर गेलं, तर त्या दिवशी संपलं. आणि भोपळा दिसता कामा नये.” नाना म्हणाले, “हाव.” म्हणजे हो. एवढंच.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही तिघं वाळूवर. परकरात पाय अडकतील म्हणून आईने माझ्यासाठी जुन्या धोतराचा चोळणा शिवला होता. ती पदर डोक्यावरून घेऊन काठावर बसली, आणि पाण्याकडे बघायचं नाही म्हणून माझ्या बेंबीकडे बघत राहिली.

पहिले दोन दिवस नुसतं तोंड पाण्यात घालणं आणि डोळे उघडणं. नाना तळाशी खडे टाकायचे आणि किती आहेत ते विचारायचे. तिसऱ्या दिवशी गाठोडं. पोटभर हवा घ्यायची, तोंड मिटायचं, गुडघे छातीशी कवटाळायचे आणि हनुवटी खाली. मला वाटलं आपण दगडासारखं तळाला जाणार. पण पाण्याने मला आपोआप वर उचललं आणि माझी पाठ वर आली. “बघ, तू बुडायला गेलीस तरी पाणी बुडू देत न्हाई,” नाना म्हणाले. हे बोलताना त्यांनी काठाकडे बघितलं, आणि लगेच नजर खाली घातली.

मग गाठोडं उघडायचं: हात पुढे, पाय मागे, फळीसारखं पालथं. त्याच्याही आधी उठून उभं राहणं. नाना त्याबाबतीत फार कडक. गुडघे पोटाखाली ओढ, दोन्ही हातांनी पाणी खाली दाब, डोकं वर, मग पाय टेकव. पन्नास वेळा करून घेतलं असेल. मी वैतागले. “तरंगता आलं ना, मग?” तर म्हणाले, “उठता येतं हे ठाऊक असलं की माणूस भीत न्हाई.” आई माझ्या बेंबीवरून नजर काढून त्यांच्या हातांकडे बघायला लागली होती. मला ते दिसलं.

सातव्या दिवसापासून पाय. आधी उथळ पाण्यात तळाला हात टेकून, मग ग्यानोबाने दिलेली पांगाऱ्याची हलकी फळी पुढे धरून. मी पहिल्यांदा गुडघ्यातून लाथा झाडल्या. पाणी सगळं आईच्या अंगावर आणि मी जागच्या जागी. ग्यानोबा नावेतून म्हणाला, “बाई, ही तर कपडे आपटून राहिली.” आई तोंडाला पदर लावून हसली. चार वर्षांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. नानांनी माझी मांडी धरून दाखवलं, हलवायचं ते इथून, गुडघा सैल, घोटा त्याहून सैल, टाचा पाण्याबाहेर जेमतेम दिसल्या पाहिजेत. तीन दिवसांनी फळी माझ्यासकट सरकायला लागली. घरी जाताना नाना चक्क गुणगुणत होते.

अडलं ते श्वासापाशी. पाण्यात तोंड असताना हळूहळू नाकातोंडाने हवा सोडत राहायची. मग डोकं फक्त वळवायचं, उचलायचं नाही. एक कान पाण्यातच, झटकन हवा घ्यायची आणि पुन्हा खाली. गुडघ्यांवर हात ठेवून, उभ्याने वाकून करायची तेव्हा मला छान जमायचं. पण आडवी झाले की मी हवा पोटात कोंडून ठेवायची. मग वळल्यावर आधी सोडायची आणि नंतर घ्यायची, तेवढा वेळ कुठला? मी मान समोर उचलायची, त्यासरशी पाय खाली जायचे आणि नाकात पाणी. “सोड, फुंक, बुडबुडे दिसू दे,” नाना सांगत होते. बाराव्या दिवशी तीनदा पाणी प्याले आणि रडायला लागले. काठावरून आईला राहवलं नाही. घाई करू नकोस, असं सांगायला ती आपल्या रोजच्या बोलीत म्हणाली, “दम धर, सौदामिनी, दम धर.”

मी आज्ञाधारक मुलगी. दम धरला. गाल फुगवून, ओठ घट्ट मिटून पालथी झाले आणि तशीच राहिले.

नानांनी मला दोन्ही दंडांना धरून ओढून उभं केलं. इतकं जोरात, की हातांवर वळ उठले. मला काही झालं नव्हतं. पण त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. मला तिथंच सोडून ते बाहेर आले, आईपासून चार हातांवर वाळूत बसले, आणि माझी मध्यस्थी न घेता बोलले.

“मीबी त्याला हेच म्हणालो होतो. गाठ सुटल्यावर तो एकदा वर आला. माझ्याकडं बघितलं त्यानं. मला वाटलं, मारील हातपाय, शिकंल. म्हणून वरून ओरडलो, दम धर. घाबरू नको, अशा अर्थानं. त्यानं तोंड मिटून घेतलं. ओरडला असता तर मी तेव्हाच उडी घेतली असती. तो गप राहून खाली गेला. मला वाटलं, बुडी मारतोय.”

आई उठली, माझा चोळणा पिळला, आणि मला घेऊन घरी आली. नाना वाळूतच बसून राहिले. मला तेव्हा त्यांची कीव आली नाही, भीती वाटली. कीव येते ती आत्ता.

दोन दिवस कुणीच नदीवर गेलं नाही. तिसऱ्या दिवशी आईनेच मला उठवलं. नाना दारात उभे होते. ती त्यांच्यापुढून चालत निघाली. नदीवर पोचल्यावर ती काठावर बसली नाही. लुगडं खोचून गुडघाभर पाण्यात आली, वाकली, आणि माझ्यापुढे आपलं तोंड पाण्यात घातलं. बुडबुडे आले. पुष्कळ आले. डोकं वर काढून तिने तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, “असं. फुंकत राहा. दम धरायचा न्हाई.”

त्या दिवशी मला जमलं. आईने केलं म्हणून जमलं असेल. मग हात: आधी पाण्यातून वाकून चालत, एक पुढे खांद्याच्या रेषेत घालायचा, पोटाखालून मांडीपर्यंत ओढत न्यायचा, कोपर वर काढून पुन्हा पुढे. एका हाताची ओढ संपत आली की त्याच बाजूला तोंड वळवायचं. मग सगळं एकत्र. मी विसरायची, पाय थांबायचे, पुन्हा पहिल्यापासून. नाना एकदाही चिडले नाहीत.

शिकवणीच्या एकोणिसाव्या सकाळी मी ग्यानोबाच्या नावेपासून मांडीभर पाण्यात उभ्या असलेल्या आईपर्यंत आले. वीस हात असेल, जास्त नाही. मध्ये सहा वेळा श्वास घेतला आणि एकदाही तळाला पाय टेकला नाही. आईच्या पायांशी येऊन उभी राहिले, तर पाणी माझ्या बेंबीएवढंच. मी धापा टाकत होते आणि मला वाटत होतं की मी मोठं काहीतरी केलंय. ग्यानोबाने नावेतून टाळ्या वाजवल्या. नाना पाण्यातून येत होते. त्यांच्या तोंडावर इतकी आशा होती, की मला आजही ते तोंड आठवायला नको वाटतं.

आईने माझं डोकं पदराने पुसलं. सावकाश, दोन्ही कान, मान. मग माझ्या डोक्यावरून त्यांच्याकडे बघितलं आणि चार वर्षांनी पहिल्यांदा सरळ त्यांच्याशी बोलली.

“हिला एकोणीस दिवस दिलेत,” ती म्हणाली. “त्याला एक सकाळ दिलीत.”

नाना होते तिथंच, कमरेएवढ्या पाण्यात, उभे राहिले. “हाव,” ते म्हणाले.