आसारामबापूंची साठ गाडगी

आसाराम म्हाळू कुंभार, जन्म १९४६, मृत्यू २०२३. राहणार शिरूर कासार, जिल्हा बीड. बापूंचा धंदा मडक्यांचा आणि स्वभाव गप्पांचा. चाकावर मडके चढलेले असतानाही ते बोलत राहत. फक्त गळ्याचा घाट काढताना तेवढे गप्प होत, आणि त्या शांततेवरून घरात कळे, की आता मडके उतरणार.

अखेरच्या वर्षांतली एक हकीकत सांगण्यासारखी आहे.

गावाबाहेर म्हशी राखणाऱ्या मुक्ताबाईंनी दत्तजयंतीच्या जत्रेत दही विकायचे ठरवले. लिटरभर दह्याची साठ एकसारखी गाडगी त्यांना हवी होती. झाकणे मात्र आधीच तयार होती. सुतार दसऱ्यानंतर कुटुंबासह ऊसतोडीला जाणार, म्हणून त्यांनी ती लाकडी झाकणे अगोदर करून घेतली. आतून साडेचार इंच, सगळी एका मापाची. आता गाडग्यांनी झाकणांच्या मापाला यायचे होते.

मातीचे मडके वाळताना आणि भाजताना लहान होते. किती, ते मातीवर अवलंबून. बापूंच्या नेहमीच्या तळ्याच्या मातीत दहा इंचांचे नऊ उरत. म्हणून साडेचार इंची तोंडासाठी ओले तोंड पाच इंच, हा त्यांचा हिशेब. परंतु त्या वर्षी तळे भरलेले होते, म्हणून सिंदफणेच्या काठच्या एका शेतातून एक ट्रॉली माती आणली. दुसरी मिळणार नव्हती. मालकाने लगेच ज्वारी पेरली. साठ गाडगी आणि फुटतुटीची सहा, एवढ्याला ती पुरेल, असा अंदाज बापूंनी ढिगाभोवती एक फेरी मारून केला. अंदाज चुकीचा नव्हता. फक्त तो तळ्याच्या मातीचा होता.

नवी माती लोण्यासारखी होती. बापूंच्या पत्नी अंजनाबाई म्हणाल्या, “अवो, आधी पट्टी भाजून बघा की.” मातीच्या पट्टीवर दहा इंचांवर दोन खुणा करायच्या, ती वाळवून भाजायची आणि खुणांमधले अंतर पुन्हा मोजायचे, अशी घरची रीत होती.

“पट्टी कशाला? हाताला कळतंय मला,” बापू म्हणाले. “लई ग्वाड माती हाय.”

“ग्वाड हाय तर खावा मग.”

पट्टी भाजली गेली नाही. वीस गाडगी झाली आणि पहिली चार वाळताच भाजून मुक्ताबाईंना दाखवायला काढली. त्यांनी झाकण ठेवले, तर ते गाडग्यावर गरगर फिरले.

“बापू, ही टोपी बापाची आन् डोकं लेकराचं!” मुक्ताबाई हसल्या, पण पाणी ओतून पाहताच त्यांचे हसू गेले. पाऊण लिटरच्या जरासे वरच पाणी मावले. “लिटर सांगून एवढं दिलं तर जत्रेत लोक चोरटी म्हनतील मला.”

बापूंनी तोंड मोजले. पाच इंचांचे सव्वाचार झाले होते; ही माती दहाला साडेआठच उरत होती. ओले गाडगे मोठे करावे, तर प्रत्येकाला माती जास्त लागणार. सहा गाडग्यांच्या मातीत पाचच होणार. म्हणजे साठ पुरी होत नव्हती. उरलेल्यांना दुसरी माती घ्यावी, तर ती वेगळी आटणार आणि एकसारखेपणा जाणार.

“म्या म्हणलं व्हतं न्हाई का...” अंजनाबाईंनी सुरुवात केली.

“म्हण. आज तुझा दिस हाय,” बापू म्हणाले आणि ओट्यावर बसले. मग उठून त्यांनी वाळत ठेवलेली सोळाच्या सोळा गाडगी एकेक करून पाण्याच्या हौदात सोडली. कच्ची गाडगी विरघळून पुन्हा चिखल झाली. भाजलेल्या चारांचे तसे होत नाही. ती अंजनाबाईंनी उखळात कुटली आणि चाळली. तो चुरा आणि बारीक रेती दोघांनी साऱ्या ढिगात, चार टोपल्यांना एक या प्रमाणाने, मळून घातली. चुरा आणि रेती आटत नाही, त्यामुळे मातीचे आटणे कमी होते; शिवाय ढीगही वाढतो.

“आता तरी पट्टी?” अंजनाबाईंनी विचारले.

“आता दोन पट्ट्या. एक तुझ्या नावाची.”

दोन्ही पट्ट्यांत दहाचे नऊ उरले. ओले तोंड पुन्हा पाच इंच धरून सगळी गाडगी एकाच मळलेल्या मातीतून उतरली. खरखरीत मातीने बापूंची बोटे सोलली. “हिचा ग्वाडपना गेला,” एवढीच त्यांची तक्रार.

सहासष्ट गाडग्यांतली पाच आव्यात, म्हणजे भट्टीत, तडकली आणि तीन वाकडी निघाली. अठ्ठावन्न झाकणे घट्ट बसली आणि पाणी ओतून मापही पुरे भरले. मुक्ताबाईंचे दही जत्रेत खपले. दोन गाडगी पुढच्या आव्याला द्यायची, असे ठरले.

पुढचा आवा बापूंनी लावला नाही. माघात ते गेले. तेराव्यानंतर अंजनाबाईंनी ती दोन गाडगी दुसऱ्या कुंभाराकडून करवून देऊ केली. मुक्ताबाई म्हणाल्या, “राहू द्या काकू, दुसऱ्याच्या मातीची या झाकणांत बसायची न्हाईत.” दोन झाकणे त्यांच्याकडेच आहेत, दोन गाडग्यांचे देणे अजून फिटलेले नाही, आणि ते मागण्याचा त्यांचा विचारही नाही.