पंचफुलाबाईचा रविवारचा फोन

वत्सला गेली तेव्हा कारखान्यातून दोघं तिघंच आले. तिकडे तिले कोणी जास्त ओळखतच नव्हतं. कम्प्युटरच्या खोलीत बसणारी बाई, येवढंच. पण वत्सला काय करून गेली ते सांगायले पाहिजे, नाही तं ते तिच्यासंगच जाईन.

पांढुर्ण्यात एकटीच राहे. नवरा लवकर गेला, पोरबाळ नाही. सकाळी बसनं बोरगावले जाय. तिथं शिलाई मशीन बनवायचा कारखाना. अठ्ठ्याऐंशी साल असन. नवा कम्प्युटर आलता, त्याच्यासाठी थंड हवेची खोली, बाहेर चपला काढून जा लागे. लोकं म्हणत, "देव बसवला का वो बाई आत?" ते हसे नुसती.

तिचं काम असं. गिऱ्हाइकाची तक्रार आली की टाइप करायची. नाव, गाव, फोन, कोणता पार्ट बिघडला, अन् शेवटी काही शेरा असन तं तो. शनिवारी सकाळी कम्प्युटर आपोआप सगळ्याचा रिपोर्ट छापे. रुंद पट्ट्यापट्ट्याचा कागद, मंधात कार्बन. मग त्याच्या कॉप्या चालल्या साऱ्या कारखान्यात. विक्रीवाले, स्टोर, गेट, छिंदवाड्याचा डेपो. एक कँटीनच्या बोर्डावर. अन् वाचून झाले की त्याच कागदात कँटीनवाला भजे बांधून दे.

वत्सलाले ते नावं पाठ होत. घरी स्वयंपाक करता करता मनातल्या मनात त्या बायांशी बोले, असं मले एकदा म्हणे. सावरगावच्या मनकर्णाबाईचा धागा तुटते, आता बरा झाला असन का. दुसरं बोलायले होतं कोण घरात?

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत गेटवरच्या चौकीदारानं तिले बोलावलं. "बाई, सौंसरहून कोणी आली. मशीनवाल्या मॅडमले भेटतो म्हणते."

पंचफुलाबाई होती. दुसऱ्याचे कपडे शिवून एकटी राहणारी. सहीच्या जागी अंगठा लावणारी, पण पोरगी मालती नागपूरले नर्सिंग शिकून राहिली होती.

"बाई, तुमच्या कंपनीतून मले फोन येते," पंचफुला म्हणे.

"मेकॅनिकचा असन."

"मेकॅनिक असा बोलते का वो? पहिले म्हणे मशीनले तेल टाकलं का. मंग म्हणे एकट्याच राहता का, येऊ का तेल टाकाले. मागं चार जण हसून राहिले होते."

पंचफुलाच्या घरी कुठला फोन! तक्रार देतानी गुणवंताच्या किराणा दुकानाचा नंबर तिनं दिलता. पीपी म्हणत तेव्हा. शेजारच्याचा फोन यायचा अन् तो आवाज देऊन बोलवायचा. रविवारी सकाळी मालती होस्टेलवरून त्याच फोनवर मायशी बोले. तेवढाच काय तो आठवड्याचा सण.

"गुणवंता म्हणते, बाई, माहं दुकान आहे, इथं असे फोन नको. या रविवारी त्यानं मालतीलेच सांगितलं, माय घरी नाही. मी दारातच उभी होती वो."

हे बोलतानी ते रडली नाही. पदराचा काठ दाताखाली धरून उभी राहिली. तो नंबर वत्सलानंच टाइप केलता.

मुकुंदसाहेब नागपूरचा, कम्प्युटरचे प्रोग्राम तोच लिहे. वत्सला त्याच्यापुढं उभी राहिली.

"साहेब, गिऱ्हाइकाचं नाव अन् फोन साऱ्या कारखान्याले कायले पाहिजे?"

साहेब चिडला नाही. विचारात पडला. "नाही पाहिजे खरं तर. कोण्या गावात कोणता पार्ट बिघडला, येवढंच बघतात सगळे. फोन तर मेकॅनिकलाच करायचा असतो." मग त्यानं ठरवलं. कम्प्युटरच्या आत सगळं जसंच्या तसं राहीन, छापतानीच झाकायचं. नावाचं पहिलं अक्षर अन् पुढं फुल्या. फोनचे शेवटचे दोन आकडे ठेवू म्हणे. मग स्वतःच डोक्याले हात लावला. "अरे, सौंसरचे नंबरच तीन आकड्यांचे! दोन दिसले तर राहिलं काय? सगळाच झाकू." गिऱ्हाइकाचा कोड तेवढा ठेवला. पूर्ण नाव नंबर असलेला एकच कागद, तो मेकॅनिकच्या हेडकडं, कुलुपात.

पुढच्या शनिवारी रिपोर्टवर फुल्याच फुल्या. स्टोरमधला श्रावण कागद फडकावत आला.

"काय वत्सलाबाई, रांगोळी काढली का? आता आम्ही का वाचावं?"

"तुले पार्टचा नंबर पाहिजे ना? तो आहे. बाईचा कायले पाहिजे?"

श्रावण कागदाची घडी घालून निघून गेला.

वत्सला रविवारी मुद्दाम सौंसरले गेली. गुणवंताले म्हणे, "दादा, आता पंचफुलाबाईले तसे फोन नाही येणार. तिच्या पोरीचा फोन देत जा." गुणवंता तराजू पुसत राहिला. "कालच संध्याकाळी आला, बाई. तोच आवाज. पंचफुलाले बोलवा म्हणे."

वत्सला बसमध्ये तेच तेच मनात घोळवत राहिली. नाव झाकलं, नंबर झाकला, मग आला कुठून? पहिले वाटलं, जुन्या कागदावरून असन.

सोमवारी कँटीनमध्ये भजे घेतले. कागद शनिवारचाच. तेलानं पारदर्शक झालता. फुल्या, फुल्या, अन् अगदी शेवटी, शेऱ्याच्या रकान्यात, स्वच्छ लिहेल: सौंसर, गुणवंता किराणाले फोन करा, पंचफुलाबाईले बोलवा.

तिनंच लिहिलतं. फोनच्या रकान्यात आकडेच बसत, म्हणून पीपीवाल्याचं नाव कुठं टाकावं, तं ते शेऱ्यात टाके. मेकॅनिकले सोपं जावं म्हणून. प्रोग्राम नावाचा रकाना झाके, फोनचा झाके, शेऱ्यात कोणी माणूस बसला आहे हे त्याले काय माहीत. अन् नंबर नसला तरी एक्स्चेंजच्या बाईले नुसतं "गुणवंता किराणा द्या" म्हटलं की ते लावून देई.

भजे तसेच राहिले. वत्सला साहेबाकडं कागद घेऊन गेली. "माह्यामुळं झालं, साहेब."

"माझ्याही. मी शेरा बघितलाच नाही," मुकुंदसाहेब म्हणे. त्यानं त्या मोठ्या रिपोर्टातून शेऱ्याचा रकानाच काढून टाकला. पीपीसाठी वेगळा रकाना केला, तोही झाकलेला. वत्सलानं त्या दिवशी बोर्डावरचा कागद काढला, गेटवरचा आणला, डेपोले निरोप दिला. कँटीनवाल्याकडली थप्पी उचलून आणली अन् भट्टीत टाकली. तो ओरडला, "आता भजे कशात देऊ वो?" "पळसाच्या पानात दे," ते म्हणे.

गुणवंता म्हणे, महिनाभर तसा फोन नाही आला तं पोरीचा फोन देऊ. वत्सला वाट पाहत राहिली. शनिवारचा रिपोर्ट येई. त्यात आता तिच्याशी बोलणारं कोणीच नव्हतं. मनकर्णाबाई म्हणजे एक अक्षर अन् फुल्या. टाइप करतानी नाव दिसे, पण मनात धरून घरी न्यायचं तिनं सोडून दिलं. पांढुर्ण्याची ते खोली आणखीनच मुकी झाली.

महिना झाल्यावर एका रविवारी ते सौंसरले गेली. गुणवंताच्या दुकानासमोर पाव किलो गूळ घेतला अन् उगाच उभी राहिली. फोन वाजला. गुणवंतानं उचलला, ऐकला, कोणाचा आहे ते दोनदा विचारलं. मग तो दारात आला अन् गल्लीकडं तोंड करून ओरडला, "पंचफुलाबाई! मालतीचा फोन! लवकर या, पोरीचे पैसे जाऊन राहिले!"

पंचफुला धावत आली, हाताले दोरा गुंडाळेलच. वत्सलाच्या अंगावरून गेली, पण तिनं पाहिलं नाही. पाहून काय करे, तिचं ध्यान फोनवर. आतून तिचा आवाज आला, "हो पोरी, जेवली का तू?"

वत्सला गूळ घेऊन बसस्टँडवर आली. तेव्हा कोणाले काही सांगितलं नाही. पांढुर्ण्याची बस उशिरानं लागली. घरी आली, दिवा लावला, गुळाचा चहा केला एका माणसाचा.