चार ओळींचा तक्ता

आमचे हे घनसावंगीच्या ज्युनियर कॉलेजात बारावीला गणित शिकवायचे, मी त्याच आवारात आठवी-नववीला. एका दुपारी दोन फाशांच्या बेरजेचा तक्ता अर्धवट ठेवून ते घरी आले, छातीत दुखतंय म्हणाले, आणि गेले. तेरावं झाल्यावर प्राचार्यांनी त्यांचा वर्ग मला दिला.

फळ्याचा उजवा अर्धा भाग कुणी पुसलाच नव्हता. वर लाल खडूनं एक ते सहा, लाल फाशाचे. डावीकडे खाली उतरत पांढऱ्यानं एक ते सहा. आत बेरजा. चार ओळी भरलेल्या, खालच्या दोन रिकाम्या. अक्षर यांचंच, सगळं उजवीकडं कललेलं. 

पहिल्या बाकावरची मुलगी उठली. "मॅडम, आम्ही कुणाला पुसू दिलं न्हाई. पण अपेक्षित मूल्य सहा येऊन राह्यलंय. पुस्तकात सात हाय."

भरलेल्या चोवीस घरांचीच सरासरी पोरांनी काढली होती.

"मंग खालच्या ओळी भरायच्या ना!" मी म्हटलं.

"सरांच्या तक्त्यात आमचं अक्षर कसं घालायचं?"

मी चिडलेच. माणूस गेला म्हणून पांढऱ्या फाशावर पाच-सहा पडायचे थांबतात का? खडू घेतला. पाचवी ओळ सहा ते अकरा, सहावी सात ते बारा. आकडे वेडेवाकडे आले. लाल दोन-पांढरा पाच आणि लाल पाच-पांढरा दोन वेगळे का, हे यांनी आधीच समजावलं होतं. पोरांनी ते मला बिनचूक ऐकवलं. छत्तीस घरं, प्रत्येकाची शक्यता सारखी. बेरीज दोन एकदा, तीन दोनदा, असं चढत सात सहादा. मग उतरत बारा पुन्हा एकदाच. त्या सहा सातांपैकी चार त्यांचे, दोन माझे. आमच्या संसारात मिळून केलेलं हे शेवटचं काम, आणि तेही असं. प्रत्येक बेरजेला तिच्या शक्यतेनं गुणून मिळवलं. दोनशे बावन्न भागिले छत्तीस. सात.

पोरांनी उतरवून घेतलं. घंटा झाली. पुढच्या तासाचे सर दारात आले आणि तिथंच थांबले.

मी डस्टर उचललं. आधी माझ्याच दोन ओळी पुसल्या, त्यांच्या चार तशाच राहू दिल्या. दारापर्यंत गेले आणि मागे वळून पाहिलं. फळ्यावर सरासरी पुन्हा सहाच उरली होती. चुकीचं उत्तर फळ्यावर सोडून हे कधी वर्गाबाहेर पडले नव्हते.

परत गेले आणि त्यांच्या चारही ओळी पुसल्या. मग पोरांसमोरच, त्या कोऱ्या फळ्याला डोकं टेकून, मोठ्यानं रडले.