श्रुतलेखनात दहापैकी तीन

मी मारुंजीच्या शाळेत आणि आसपासच्या गावांत मिळून एकतीस वर्षं मराठी शिकवलं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तेव्हा माझं आणि माझ्या थोरल्या बहिणीचं बोलणं बंद पडलं. म्हणजे अक्काने बंद केलं.

अक्का दिली आहे ती धरणाच्या पलीकडच्या खोऱ्यात. दोघी एकाच तालुक्यात, पण मधे दीड-दोन तासांचा घाटरस्ता. त्यामुळे आमचं सगळं बहीणपण फोनवर. दुपारी जेवणं उरकली, भांडी झाली, की तिचा फोन यायचा. माझी सून म्हणायची, अक्कांचा फोन आला म्हणजे तीन वाजले.

कान कधी कमी व्हायला लागले ते मला नीट सांगता येणार नाही. समोरचं माणूस दिसत असेल तर निभायचं. फोनवर मात्र आवाज यायचा आणि शब्द यायचे नाहीत. पलीकडे कुणी पाण्याखालून बोलतंय असं वाटायचं. मी मग अंदाजाने चालवायची. अक्काचा सूर वर गेला की "अगंबाई", खाली गेला की "व्हय का?", आणि मधे थांबली की "बरं झालं." एक शब्द पकडून बाकीचं वाक्य आपणच रचायचं, हे मला जमायला लागलं होतं. तुला ऐकू येत नाही का, असं कुणी विचारू नये एवढीच धडपड. ज्या बाईने एकतीस वर्षं पोरांना "लक्ष कुठंय तुझं?" म्हणून दटावलं, तिला हे कबूल करणं जड जातं.

त्या दुपारी अक्काचा आवाज घाईचा होता. मला ऐकू आलं, "अगं बारके, रानात वाट निघालीय."

तिच्या रानाच्या वाटेवरून भाऊबंदांशी कितीतरी वर्षं वाद चालला होता. मला मनापासून आनंद झाला. मी म्हणाले, "बरं झालं बाई! सुटलात एकदाचे. आता पेढे वाटा!"

पलीकडे काहीच नाही. मला वाटलं रेंज गेली. "हॅलो, हॅलो" केलं, तर फोन ठेवलेला.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी मी केला, तर उचलला नाही. आठवड्याने तिच्या सुनेचा मेसेज आला; सासऱ्यांना, म्हणजे आमच्या दाजींना, ती मामा म्हणते. तो मी इतक्यांदा वाचला की अजून पाठ आहे. 'मावशी, मामांची तपासणी पुण्यात झाली. मानेतली गाठ काढायची म्हणतात. तुम्ही आईंना असं का बोललात? त्या दोन दिवस जेवल्या नाहीत.'

मानेत गाठ निघालीय. रानात वाट निघालीय. मी दोन्ही वाक्यं कागदावर एकाखाली एक लिहिली आणि बघत बसले. दाजींच्या मानेत गाठ आली हे बहिणीने सगळ्यांत आधी मला सांगितलं, आणि मी तिला पेढे वाटायला सांगितले.

लगेच मुलाला गाडी काढायला लावली. अक्का दारातच उभी होती. मी सगळं सांगितलं. ती तोंड फिरवून म्हणाली, "आता बरं ऐकू येतंय तुला! मगाचपास्नं एकबी शबुद चुकला न्हाई."

खरं होतं ते. समोरासमोर मी तिच्या ओठांवरून, चेहऱ्यावरून अर्धं वाचत होते, पण हे मलाच तेव्हा कळलेलं नव्हतं, तर तिला काय सांगणार? दाजी बिचारे म्हणाले, "जाऊ द्या, बारक्या बाई." तेवढ्यावर मी परत आले.

आमच्या वरच्या खोलीत एक मुलगी भाड्याने राहायची. नांदेडकडची, हिंजवडीत कंपनीत नोकरीला. तिच्या दोन्ही कानांत लहानपणापासून यंत्रं होती. केस बांधले की दिसायची, आणि ती खुशाल केस बांधायची. मला जिन्यात बसलेली बघून ती खाली आली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काकू, माझी पाठ वळली की तुम्ही 'हो' म्हणता. मी एकदा पाण्याची टाकी वाहतेय म्हणून सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, 'सावकाश जा.'"

मला हसूही आलं आणि रडूही.

तीच मला कान तपासायला घेऊन गेली. तिथल्या बाईंनी आलेख काढून समजावलं, की जाड आवाज मला बऱ्यापैकी येतात, बारीक आणि तीक्ष्ण गेलेत. म्हणजे 'आ', 'ए', 'ओ' पोचतात. 'स', 'त', 'क', 'फ' गळतात. मी म्हणाले, "म्हणजे स्वर राहिले आणि व्यंजनं गेली." त्या म्हणाल्या, "जवळजवळ तसंच." मराठीच्या बाईला याहून सोपं कुणी काय सांगणार? यंत्रं तयार होऊन यायला वेळ लागणार होता.

पण अक्काला आलेख दाखवून काय उपयोग? ती म्हणाली असती, कागद काय, कुणीबी काढून देतंय. त्या मुलीने विचारलं, "तुम्ही शाळेत ऐकून लिहायला लावायचात ना? मग आता तुम्ही लिहा."

दाजींचं ऑपरेशन ठरलं होतं त्याच्या आधीच्या रविवारी मी पुन्हा गेले. अक्काला म्हणाले, "एकदाच माझं ऐक. तू परसात जा, तिथनं मला फोन लाव, आणि मनात येतील ते दहा शब्द सांग. मी ओटीवर बसून लिहिते."

"हा काय पोरखेळ?" म्हणत ती गेली. मी मोबाईल कानाला लावला, आवाज पूर्ण वाढवला आणि पाटीवर लिहिल्यासारखं जपून लिहिलं. एक शब्द आलाच नाही, तिथं रेघ मारली. मग तिची सून फोन घेऊन शेजारी बसली. अक्काने तेच शब्द पुन्हा सांगितले आणि सुनेने दुसऱ्या कागदावर लिहिले. रेंजला दोष द्यायला जागा नको म्हणून.

अक्का आत आली. सुनेने वाचून दाखवलं. अक्का म्हणाली होती पाट, मी लिहिलं होतं भात. सासूची काकू झाली होती, मिठाचं पीठ, चुलीचं मूल, शेळीची केळी. फणसाच्या जागी रेघ. कोयता, खुरपं आणि तांदूळ तेवढे बरोबर. शेवटचा शब्द तिने 'दाजी' सांगितला होता. मी लिहिलं होतं 'भाजी'.

दाजी आधी हसले. मानेला हात लावून हसले. मग अक्का हसायला लागली, आणि हसता हसता तिने पदर तोंडाला लावला. कागद हातात धरून म्हणाली, "धातले तीन? बारके, तुला एवडं कमी येतंय? आणि मला सांगितलं न्हाईस?"

"लाज वाटली."

"माझी?"

तिने मला जवळ ओढलं आणि पाठीवर एक धपाटा घातला, लहानपणी घालायची तसा.

दाजींची गाठ साधी निघाली. हे मला फोनवर नाही, मेसेजवर कळलं. अक्काला लिहिण्याचा कंटाळा, पण सुनेकडून तिने मुद्दाम दोन ओळी लिहून घेतल्या. महत्त्वाचं असेल ते लिहून पाठवायचं, हा आमचा पहिला करार.

मग यंत्रं आली. पहिले काही दिवस वैताग होता. पंखा घरघरायचा, ताटल्या टाळक्यात वाजायच्या. फोन नेहमीसारखा कानाच्या भोकाशी धरला की यंत्र शीळ घालायचं. तो थोडा वर, कानामागे, यंत्राच्या माइकजवळ धरायचा, हे हाताला वळण लागायला महिना गेला. घरात इंटरनेटच्या केबलवर साधा फोन होता. त्याला मुलाने आवाज वाढवणारं यंत्र आणून जोडलं. मोठे आकडे, आवाजाचं चाक, तीक्ष्ण अक्षरं उठावदार करणारं वेगळं बटण, आणि वाजला की लुकलुकणारा लाल दिवा. एकदा मी बोलता बोलता फोन मुलाकडे दिला आणि चाक कमी करायचं विसरले. तो "आई गं!" म्हणून असा उडाला की पलीकडे अक्का विचारत राहिली, कोण पडलं.

अक्कालाही शिकावं लागलं. तिला वाटलं ओरडलं की झालं. मी सांगितलं, ओरडलीस की आवाज फाटतो, शब्द आणखी हरवतात. नेहमीच्या आवाजात, जरा सावकाश बोल. आधी विषय सांग, मग गोष्ट. मला एखादा शब्द कळला नाही तर तोच पाच वेळा म्हणू नकोस, दुसरा वापर. 'मीठ' चुकलं तर 'खारट' म्हण. आणि मीही आता "व्हय का?" म्हणून सोडत नाही. ऐकलं ते परत म्हणून दाखवते: "म्हणजे तू मंगळवारी येणार, असंच ना?"

व्हिडिओ कॉल वरच्या मुलीने शिकवला. बोललेल्याची खाली मराठीत अक्षरं उमटतात. पहिल्या वेळी अक्का दाराकडे पाठ करून बसली. मागून उजेड, तोंड काळंठिक्कर. "अक्का, दाराकडं तोंड कर, मला ओठ दिसू देत." ती वळली, तर मागे सून, दोन्ही नाती आणि दाजी एकदम बोलायला लागले. अक्षरांचा चिखल झाला. तेव्हापासून एका वेळी एकाने बोलायचं. अक्षरं एक क्षण उशिरा येतात, आणि अक्काच्या बोलीशी त्यांचं जमत नाही. 'भातलावणी'चं एकदा 'भारत लावणी' झालं. म्हणून मी आधी तिचा चेहरा बघते, अडलं तरच खाली नजर टाकते.

सगळं सुरळीत झालं असं नाही. अनोळखी फोन मला अजून नकोसे वाटतात. कुरिअरवाला गेटवरून घाईघाईने बोलतो, मागे टेम्पो वाजत असतात. पूर्वी मी "हो हो" म्हणायची आणि पार्सल परत जायचं. आता पहिल्याच वाक्यात सांगते, "मला कमी ऐकू येतं, मेसेज करा." काही जण करतात, काही फोन आपटतात. दिवसाअखेरी ऐकण्याचाच थकवा येतो, तेव्हा यंत्रं काढून डबीत ठेवते आणि कुणाशीच बोलत नाही.

ती मुलगी पुढे बाणेरला राहायला गेली. जाताना माझ्या मोबाईलवर ऐकलेलं लिहून दाखवणारं ॲप टाकून गेली. साध्या फोनचा स्पीकर लावायचा आणि मोबाईल शेजारी ठेवायचा. तिच्या लग्नाची गोष्ट मी अशीच वाचत वाचत ऐकली.

काल दुपारी लाल दिवा लुकलुकला. उचलला, तर अक्का गावसभेत भाषणाला उभी राहिल्यासारखी सावकाश म्हणाली, "बारके, मी अक्का बोलतीय. विषय: मेथी."

"मेथी?"

"मेथी. हिरवी. जुडीची. ऐकलंस ते म्हणून दाव."

मी म्हणून दाखवलं. मग ती पाऊण तास मेथीबद्दल बोलली.